उभ्या गाडीचा हिशोब

बाजारामागच्या पार्किंगच्या मालकाला सगळे ‘येऊद्या’ म्हणत. त्याचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. गाडी मागे घेणाऱ्याला हात हलवत तो म्हणायचा, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बस्स!” आणि हा ‘बस्स’ इतक्या नेमक्या वेळी यायचा, की गाडी आणि भिंत यांच्यामध्ये तळहात जेमतेम शिरायचा. नवीन गाडी घेतलेली माणसं डोळे मिटून त्याच्या आवाजावर गाडी मागे घेत. बाजारातल्या एका चष्मेवाल्याने तर म्हटलं होतं, “माझा आरसा फुटला तरी चालेल, येऊद्या आजारी पडता कामा नये.”

जागा वडिलांची. वडील गेले तेव्हा ती येऊद्या आणि त्याची धाकटी बहीण यांच्या नावावर अर्धी अर्धी झाली. बहिणीचं दोन चौक पलीकडे शिवणकामाचं दुकान होतं. पार्किंगकडे ती महिन्यातून एकदा यायची, आपला वाटा घ्यायची, भिंतीकडे बघून “दादा, रंग कधी देणार?” असं विचारायची आणि निघून जायची. बाकी सगळं दादावर. नवरा गेल्यावर मुलीचं शिक्षण तिने या वाट्यावर आणि शिलाई मशीनवर केलं होतं. येऊद्याला हे ठाऊक होतं, आणि म्हणून महिना कसाही गेला तरी बहिणीचा वाटा आधी बाजूला निघायचा.

येऊद्याचा धंदा साधा होता. गाडी येते, उभी राहते आणि उभी आहे तोवर कमावते. जास्त वेळ उभी राहिली की जास्त कमावते. कुणी दुकानदार गप्पांत रमून दोन तास उशिरा आला, तर येऊद्याला राग येत नसे. उलट तो त्याला खुर्ची द्यायचा. रिकामा चौकोन मात्र त्याला बघवत नसे. फरशीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काही उभं नसलं, की तेवढा दिवस वाया गेला असं त्याचं मन म्हणायचं.

गेल्या वर्षापासून असे रिकामे चौकोन त्याला स्वप्नात दिसू लागले होते. बाजाराची जुनी इमारत पाडून नवी उभी राहत होती आणि तिच्या तळघरात दोन मजली पार्किंग होणार होतं. वर्षभरात ते सुरू झालं, की दिवसाची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे जाणार हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

अशा वेळी त्याचा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. आधी तो पाण्याच्या टाक्या विकायचा, मग सुरक्षा कॅमेरे, आणि आता विजेच्या गाड्यांची चार्जिंग यंत्रं. माणूस वाईट नव्हता. जे विकायचा त्यावर त्याची मनापासून श्रद्धा असायची; अडचण एवढीच, की ती श्रद्धा दर तीन वर्षांनी बदलायची.

“भावोजी, हे बघा,” असं म्हणून त्याने जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. “साठ किलोवॅटचं फास्ट यंत्र, नऊ लाख. वीजजोडणी, केबल, पॅनेल आणि अनामत मिळून सहा. शेड, अर्थिंग, आग विझवायची साधनं, कॅमेरा, बोर्ड यांचे दोन. एकूण सतरा.”

“सतरा लाख!” येऊद्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “टाक्या स्वस्त होत्या रे तुझ्या.”

“ताई, टाकीतून पैसे निघत नाहीत.”

“पाणीही निघत नव्हतं. झाकणच उघडायचं नाही.”

मेहुण्याने तिकडे दुर्लक्ष केलं. “वीज आपल्याला पडते युनिटला आठ. आपण विकणार अठराला. युनिटमागे दहा सुटतात. आता प्रश्न एकच, की दिवसाला युनिटं किती जातील? त्यासाठी मला तुमच्याकडून एक आकडा पाहिजे. यंत्रावर दिवसातून किती तास गाडी असेल? मी हवेत नाही लिहिणार. गाड्यांच्या येण्याजाण्याचं तुमच्याइतकं कुणाला कळतं?”

हे ऐकून येऊद्या सुखावला. तीस वर्षांत त्याला कुणी तज्ज्ञ म्हणून काही विचारलं नव्हतं. त्याने दोन दिवस घेतले. रस्त्यावरून जाणाऱ्या विजेच्या गाड्या मोजल्या, चालकांशी बोलला, कुणाला कुठे थांबावं लागतं ते विचारलं, आणि पेट्रोल पंपाजवळच्या चार्जिंगवर रांग लागते हेही समजून घेतलं. मग तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “पाच तास. जास्त नाही, कमी नाही. सुरुवातीलाच पाच तास गाडी उभी राहील, हे मी छातीठोकपणे सांगतो.”

साठचं यंत्र तासाला साठ युनिटं देतं, म्हणून मेहुण्याने पाच गुणिले साठ केलं. तीनशे युनिटं. युनिटमागे दहा, म्हणजे दिवसाला तीन हजार, महिन्याला नव्वद हजार. त्यातून वीजबिलातला मागणी आकार, देखभाल, विमा, इंटरनेट असे वीस हजार वजा. उरले सत्तर. वर्षाला आठ लाख चाळीस हजार.

“दोन वर्षं,” मेहुणा हळूच म्हणाला. “दोन वर्षांत सतरा लाख परत. तिसऱ्या वर्षापासून सगळं आपलं.”

येऊद्याने तो आकडा चारदा पाहिला. त्याच्याकडे बँकेत ठेव होती पाच लाखांची. बाकीचे बारा कर्जाने घ्यायचे, आणि कर्जाला तारण जागा. जागा अर्धी बहिणीची, म्हणून तिची संमती हवी.

तो बहिणीच्या दुकानात गेला तेव्हा ती तोंडात टाचण्या धरून एका बाईच्या झग्याची उंची नीट करत होती. त्याने कागद समोर ठेवला. टाचण्या काढून तिने विचारलं, “कुठे करू सही?”

“अगं, वाच तरी.”

“तू केलास ना हिशोब?”

“केला.”

“मग झालं,” असं म्हणून तिने सही केली, कागदावर पडलेला दोरा फुंकून उडवला आणि पुन्हा झग्याकडे वळली. “दादा, यात रंगाचे पैसे धरलेत ना?”

कागद खिशात घालून तो बाहेर पडला. सगळं मनासारखं झालं होतं, तरी खिसा जड वाटत होता. बहिणीने जरा कुरकुर केली असती, दोन प्रश्न विचारले असते, तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आणि असं का वाटावं, हे मात्र कळेना.

बँकेत कर्ज पाहणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. टेबलावर फायलींचे तीन ढीग आणि त्यांत कसंबसं तग धरून असलेलं एक रोपटं. त्यांनी मेहुण्याने छापून दिलेली योजना शांतपणे वाचली. यंत्राची किंमत दुसऱ्या कोटेशनशी ताडून पाहिली. विजेचा दर बरोबर आहे ना, ते पाहिलं. मग पेन्सिलीचं टोक पाच तासांवर आणून ठेवलं.

“हे तुम्ही काढलंत?”

“हो. तीस वर्षांचा अनुभव आहे, मॅडम. गाडी किती वेळ उभी राहील हे मी—”

“ते मला पटतंय,” बाई म्हणाल्या. “मला विचारायचं आहे ते दुसरंच. गाडी पाच तास उभी राहील. पण ती पाचही तास साठनेच वीज घेईल, हे कुठून आलं?”

येऊद्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने योजनेकडे पाहिलं.

“यंत्रच साठचं आहे ना, मॅडम,” मेहुणा म्हणाला.

“माझ्या घरचा नळही मोठा आहे. पण मी पेला भरते तेव्हा तो पूर्ण सोडत नाही.” बाई हसल्या, मग मात्र गंभीर झाल्या. “हे बघा, मी काही इंजिनियर नाही. पण माझ्याकडे अशीच एक फाईल आहे. त्यांचं यंत्र दिवसभर गजबजलेलं असतं. मी स्वतः जाऊन पाहिलं, गाड्याच गाड्या. आणि तरी हप्ता थकतो. ते म्हणतात, मॅडम, धंदा जोरात आहे. मी म्हणते, मग पैसे कुठे जातात? त्यांना सांगता येत नाही, मला कळत नाही. तुम्ही समजून घ्या आणि मलाही सांगा. तोवर ही फाईल मी इथेच ठेवते. नाकारत नाहीये.”

बाहेर पडल्यावर मेहुणा म्हणाला, “या लोकांना काहीतरी खुसपट काढल्याशिवाय पगार पचत नाही.”

‘गाड्याच गाड्या, आणि तरी हप्ता थकतो’ हे वाक्य येऊद्याच्या डोक्यात अडकून बसलं होतं. त्याच्या जगात असं होऊच शकत नव्हतं. जागा भरलेली आणि गल्ला रिकामा? म्हणजे कुणीतरी चोरी करतंय, एवढंच त्याला सुचलं.

दुसऱ्या दिवशी पार्किंग रखवालदारावर सोपवून तो पेट्रोल पंपाजवळच्या चार्जिंगवर गेला. तिथे एक बाक होता आणि बाकाला सावली होती. यंत्राला एक टॅक्सी लागलेली. टॅक्सीवाला मागच्या सीटवर पाय पसरून मोबाईलवर कुठलीशी मॅच बघत होता.

“किती वेळ लागेल हो?” येऊद्याने विचारलं.

“तुमची गाडी कुठाय?”

“गाडी नाही. यंत्र घ्यायचं म्हणतोय.”

टॅक्सीवाला उठून बसला. “म्हणजे मालक होणार! या, या. मग आतापासूनच ओळख करून ठेवतो, सूट मिळेल.” तो खाली उतरला आणि यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे बघा. आत्ता लावली. एकेचाळीस.”

“साठचं यंत्र आहे ना?”

“यंत्र साठचं, गाडी माझी. तिला जेवढं पचतं तेवढंच ती खाते. लहान गाडी आहे हो. मोठी असती तर जास्त घेतली असती.”

येऊद्या पडद्यासमोर उभा राहिला. आकडा बराच वेळ चाळिसाच्या आसपास रेंगाळला, मग छत्तीसवर आला. बॅटरी ऐंशी टक्के भरली आणि आकडा घसरायला लागला. वीस. पंधरा. अकरा. टॅक्सीवाला पुन्हा मॅच बघायला आत गेला होता.

“हा आकडा उतरतोय!” येऊद्याने काच वाजवून सांगितलं.

“उतरणारच. ऐंशीच्या पुढे ती नखरे करते. शेवटच्या घासाला लहान मूल कसं तोंड फिरवतं, तसं. बॅटरी जपायला गाडी स्वतःच कमी घेते.”

“मग ऐंशीला काढत का नाही?”

“कशाला काढू? दुसरं भाडं लांबचं आहे. इथे सावली आहे, मॅच चालू आहे.” मग येऊद्याकडे बघून तो डोळे मिचकावत म्हणाला, “यंत्र माझं थोडंच आहे?”

शेवटी आकडा पाचवर आला तेव्हा सत्याण्णव टक्के झालं होतं. पडद्यावर आलं, पन्नास मिनिटं, बावीस युनिटं. येऊद्याच्या हिशोबाने पन्नास मिनिटांत पन्नास युनिटं जायला हवी होती.

पुढची गाडी लागली. ती पस्तिसाच्या वर गेलीच नाही. तिच्यानंतरच्या गाडीचा मालक चार्जिंगची गन लावून जेवायला गेला. गाडी भरून झाली तरी तो येईना, आणि पडद्यावर बराच वेळ शून्य दिसत राहिलं. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. येऊद्या बाकावरून हे बघत होता. त्याच्या पार्किंगमध्ये हा जेवायला गेलेला माणूस लाडकं गिऱ्हाईक ठरला असता. त्याला त्याने खुर्ची दिली असती. इथे तोच माणूस यंत्राच्या मालकाला बुडवत होता.

मग त्याला आपली चूक दिसली. मेहुण्याने त्याला फसवलं नव्हतं. पाच तासांचा आकडा खराच होता. पण त्या आकड्यामागे त्याने तीस वर्षांची सवय भरली होती: उभी गाडी म्हणजे कमाई. इथे वेळ विकायचा नव्हता, वीज विकायची होती. उभी राहून वीज न घेणारी गाडी म्हणजे भरलेला दिसणारा रिकामा चौकोन.

त्या संध्याकाळी मेहुण्याला बोलावून त्याने हिशोब पुन्हा मांडायला लावला. मेहुणा तोंड पाडून बसला होता, पण विचारलं ते सरळ सांगत होता.

“पाच तासांत सहा गाड्या,” येऊद्या म्हणाला. “दर गाडीला बावीस. एकशे बत्तीस युनिटं. तीनशे नाहीत.”

“बरं.”

“आता हे सांग, एकशे बत्तीस विकली तर मीटरवर एकशे बत्तीसच पडतात का?”

मेहुण्याने डोकं खाजवलं. “नाही. यंत्र गरम होतं, त्यात थोडी जाते. शंभर द्यायला एकशेसातच्या आसपास घ्यावी लागते.”

“म्हणजे एकशे एक्केचाळीसचं बिल. आणि ते ॲप? ज्यावरून लोक यंत्र शोधतात, पैसे भरतात?”

“ते विक्रीच्या आठ टक्के घेतात.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तीनशे युनिटांत हे खपून जात होतं, भावोजी,” मेहुणा खालमानेने म्हणाला.

दिवसाची विक्री दोन हजार तीनशे शहात्तर. वीज अकराशे अठ्ठावीस. ॲपवाल्यांचे एकशे नव्वद. हातात एक हजार अठ्ठावन्न. महिन्याला साधारण एकतीस हजार सातशे. त्यातून ते वीस हजार वजा करायचेच होते, कारण गाडी येवो न येवो, जेवढी ताकद मंजूर करून घेतली तिचा मागणी आकार भरावाच लागतो. उरले पावणेबारा हजार. वर्षाला एक लाख एक्केचाळीस हजार.

“बारा वर्षं,” बायको म्हणाली. ती दारात उभी राहून ऐकत होती हे दोघांना आत्ता कळलं. “सतरा लाख वसूल व्हायला बारा वर्षं. आणि ते यंत्र किती वर्षं टिकतं रे?”

“आठ-दहा,” मेहुणा म्हणाला.

“आणि बारा लाखांचं व्याज?”

“पहिल्या वर्षी सव्वा लाखाच्या आतबाहेर.”

यावर कुणी विनोद केला नाही.

थोड्या वेळाने मेहुणा म्हणाला, “पण हे आजचं आहे. गाड्या वाढताहेत. पाचचे दहा तास झाले, तर हेच यंत्र साडेतीन वर्षांच्या आत पैसे देतं. करून बघा.”

येऊद्याने करून पाहिलं. मेहुणा बरोबर होता. विकली जाणारी युनिटं दुप्पट होतात आणि ते वीस हजार मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे दहा तासांत चित्र पालटत होतं. मग त्याने पेन खाली ठेवला.

“होतील दहा तास,” तो शेवटी म्हणाला. “कदाचित दोन वर्षांत, कदाचित पाच. तोवर पंपवालाही दुसरं यंत्र आणेल. तोवरचे हप्ते कुणी भरायचे?”

“तुम्ही असे घाबरणार हे मला माहीत होतं.”

“माझी जागा असती तर मी घाबरलो नसतो,” येऊद्या म्हणाला. “अर्धी तिची आहे. तिने वाचलंसुद्धा नाही.”

मेहुणा लॅपटॉप मिटून निघाला. जाताना चप्पल घालायला त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. “ही माझी पहिली ऑर्डर होती, भावोजी,” एवढंच तो म्हणाला. येऊद्याला वाईट वाटलं. त्याला थांबवून काहीतरी बोलावं असं वाटलं, पण खोटं बोलल्याशिवाय बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पार्किंगमध्ये येऊन तो नेहमीच्या जागी उभा राहिला. रात्रीच्या टॅक्सी निघायला लागल्या होत्या. रखवालदार किल्ल्यांच्या फळीवरून एकेक किल्ली काढून देत होता. रात्री जागा कमी आणि गाड्या फार, म्हणून चालक किल्ल्या ठेवून जात. सर्वांत आधी निघणारी गाडी पुढे यावी म्हणून रखवालदार रात्रभर गाड्यांची जुळवाजुळव करी. मागची पुढे, पुढची बाजूला. हा त्यांचा रोजचा खेळ होता.

येऊद्या ते रोज लांबूनच बघायचा; चालकांची गाठ फक्त रखवालदाराशी पडायची. आज बघता बघता तो गाड्या मोजू लागला. यातल्या अकरा टॅक्सी विजेच्या होत्या. कालचा टॅक्सीवालाही त्यांतलाच निघाला. येऊद्याला बघून त्याने सलाम ठोकला.

“मालक, यंत्र आलं का?”

“तू रात्री इथेच असतोस होय?”

“मी घरी असतो. गाडी इथे असते.”

“आणि सकाळी इथून निघालास की आधी पंपावर.”

“रोज. तासभर जातो. भाड्याच्या वेळेत.”

“इथे रात्री हळू चार्ज झाली तर? आठ तास पडूनच असते ती.”

टॅक्सीवाल्याने मान तिरकी केली. “दर?”

“चौदा.”

“तिथे अठरा घेतात.” तो हसला. “पण मग मी मॅच कुठे बघू?”

येऊद्या थेट मेहुण्याच्या घरी गेला. हळू चार्ज करणाऱ्या सात किलोवॅटच्या यंत्राची किंमत विचारली. चाळीस हजार. अशी चार, म्हणजे एक लाख साठ. जोडणीचा भार वाढवायचा, केबल, पॅनेल, मीटर, अर्थिंग यांचे एक नव्वद. खांब आणि छोटंसं छप्पर पन्नास. एकूण चार लाख. ठेव पाचाची होती. कर्ज नको, तारण नको, संमती नको.

इथे त्याने पाच तासांसारखी छाती ठोकली नाही. टॅक्सीला तीन तासांत वीसेक युनिटं जातात. रखवालदार मध्यरात्री गाड्या हलवतोच, तेव्हा एका यंत्रावर रात्रीत दोन गाड्या सहज लागतील. म्हणजे चार यंत्रांवर आठ. त्याने पाचच धरल्या, आणि दर गाडीला अठरा युनिटं. नव्वद युनिटं. युनिटमागे सहा. आपल्याच गिऱ्हाइकांना ॲप लागत नाही. महिन्याला सोळा हजार दोनशे. त्यातून मागणी आकार आणि देखभालीचे सहा हजार दोनशे वजा. दहा हजार. वर्षाला एक लाख वीस हजार. सव्वातीन वर्षांहून थोडं जास्त.

“इतकी लहान ऑर्डर?” मेहुणा म्हणाला. पण त्याने लॅपटॉप उघडला होता. “चार यंत्रांत माझं काय सुटणार?”

“पहिली ऑर्डर सुटेल.”

मग येऊद्या बहिणीच्या दुकानात गेला. कागद खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पाच तास, टॅक्सीवाला, बारा वर्षं, काही लपवलं नाही. बहीण मशीन थांबवून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, “तुझी जागा मी जवळजवळ गहाण टाकली होती. हा कागद फाड.”

तिने कागद उचलला, फाडला नाही. घडी उलगडून पहिल्यांदाच वाचला. मग म्हणाली, “मी वाचला नाही याचा तुला राग आलाय.”

“राग नाही. पण दोन प्रश्न तरी विचारायचे होतेस.”

“तू सही मागायला आला होतास, दादा. सल्ला मागितला असतास तर प्रश्न विचारले असते.”

येऊद्या टेबलावरची एक टाचणी उचलून बोटांत फिरवत राहिला.

“आता विचारते,” ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. “हे चार लाख सगळे तुझे का? जागा अर्धी माझी आहे.”

“तुझ्याकडे मुलीच्या शिक्षणाचे—”

“तिचं शिक्षण झालं. ती नोकरी करते. तुझं लक्षच नाही. एक लाख मी घालणार. बाकीच्याचं नंतर बघू. दुसरं. पाच गाड्या धरल्यास. तीनच आल्या तर?”

त्याने पेन काढला. ब्लाउजच्या मापाच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं. चोपन्न युनिटं, महिन्याला नऊ हजार सातशे वीस. खर्च वजा जाता साडेतीन हजार. वर्षाला बेचाळीस हजार. “साडेनऊ वर्षं,” तो म्हणाला. आवाज खाली गेला होता.

“आणि जागा?”

“जागा आपलीच राहते.”

“मग तीन आल्या तरी झोप लागेल.” तिने विचार केला. “आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांनीही अशीच यंत्रं लावली तर?”

हा प्रश्न मेहुण्याने विचारला नव्हता, बँकेतल्या बाईंनी नाही, त्याने स्वतःही नाही. “लावतील,” तो म्हणाला. “पण रात्री गाड्या हलवायला तिथे कुणी नसेल. एका यंत्रावर एकच गाडी लागेल. आणि दर त्यांना जास्त ठेवावा लागेल, असं वाटतं. वाटतं फक्त. नक्की माहीत नाही.”

“नक्की माहीत नाही हे तू पहिल्यांदाच म्हणालास,” बहीण म्हणाली. “आता सही करावीशी वाटते. पण आता लागतच नाही म्हणतोस.” तिने कागदाची घडी घालून तो मशीनच्या खणात टाकला. “राहू दे इथे. तुझी चूक आठवायला नाही. मी वाचायला हवा होता, ते मला आठवायला.”

बँकेत जाऊन येऊद्याने अर्ज मागे घेतला. कारण विचारलं तेव्हा त्याने बाईंना यंत्रासमोरचा तो दिवस सांगितला: एकेचाळीस, पंधरा, पाच, आणि जेवायला गेलेला माणूस. बाईंनी दुसऱ्या ढिगातली ती थकलेली फाईल काढली आणि वरच्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं. “यांना तासांचं नाही, युनिटांचं विचारते,” त्या म्हणाल्या.

यंत्रं बसायला अडीच महिने लागले, कारण वाढीव भार मंजूर होता होता अर्धा काळ गेला. पहिल्या आठवड्यात बहुतेक रात्री दोनच गाड्या लागल्या, एका रात्री चार, एका रात्री एकही नाही. येऊद्याने बहिणीला फोन करून रिकाम्या रात्रीचं आधी सांगितलं. चार लागलेल्या रात्रीचं नंतर.

एका संध्याकाळी ती वाटा घ्यायला आली. भिंतीला रंग दिलेला होता, आणि भिंतीला लागून चार छोटे डबे, त्यांवर हिरवे दिवे. पंपावर भेटलेला तोच टॅक्सीवाला गाडी मागे घेत होता. केबल पोचायला गाडी नेमकी खांबापाशी यायला हवी होती. येऊद्या मागे उभा राहून हात हलवत होता, “येऊ द्या, येऊ द्या…”

“मालक, अजून?”

“येऊ द्या… बस्स!”

बहिणीने वाकून गाडी आणि भिंत यांच्यामध्ये तळहात घालून पाहिला. जेमतेम गेला.

“किती वाजता काढणार ही?” तिने विचारलं.

“भरली की,” येऊद्या म्हणाला आणि किल्ली फळीवर अडकवायला वळला. “इथे कुणाला उभं राहू देत नाही आता.”